कुलूप फोनला नाही, खात्याला

दिवाळीत कराडला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा भाच्याचा फोन हातात आला. भाचा सहावीत. फोन त्याच्या बाबांचा जुना, शाळेच्या ग्रुपवर येणारा गृहपाठ बघायला म्हणून दिलेला. स्क्रीन सरकवत गेलो तर तीन पानं नुसती गेमची. बहीण म्हणाली, "दादा, मी तर लॉक लावलंय. पिन टाकल्याशिवाय त्याला काही घेताच येत नाही." मी प्ले स्टोअर उघडलं, रंग भरायचा एक साधा गेम शोधला आणि Install दाबलं. पिन कुणी मागितला नाही. चहा येईपर्यंत गेम फोनवर आला होता.

बहीण खोटं बोलत नव्हती. तिनं पिन खरंच लावला होता, पण तो वेगळ्याच दाराला होता. मुलाच्या फोनवर काहीही इन्स्टॉल होण्याआधी आईबाबांची परवानगी लागावी, असं वाटणाऱ्या बहुतेक घरांत हीच गल्लत होते. म्हणून ते दार नेमकं कोणतं आणि त्याला कुलूप कसं लागतं, ते सविस्तर सांगतो. आपल्याकडे मुलांच्या हातात येणारे फोन बहुतेक अँड्रॉइडचे असतात, म्हणून बोलणं त्याचंच.

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये Parental controls नावाची सोय आहे. बहिणीनं तीच चालू केली होती. तिथे चार आकडी पिन ठेवता येतो आणि वयाची मर्यादा निवडता येते: ३+, ७+, १२+ अशी. १२+ निवडलं की त्याच्या वरच्या वयाची अ‍ॅप त्या फोनवरून घेता येत नाहीत. पण मर्यादेच्या आतलं प्रत्येक अ‍ॅप मोकळं राहतं. रंग भरायचा गेम ३+ होता, त्यामुळे पिनचा प्रश्नच आला नाही. हा पिन फक्त ती वयोमर्यादा बदलायला लागतो, अ‍ॅप घ्यायला नाही. दुसरी सोय आहे खरेदीच्या वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची. ती पैसे जाताना आडवी येते, फुकटच्या अ‍ॅपला तिची अडचण नसते. आणि मुलं घेतात ती जवळजवळ सगळी अ‍ॅप फुकटच असतात.

फुकट असो वा विकतचं, प्रत्येक अ‍ॅपसाठी विचारणा व्हावी असं वाटत असेल, तर ती सोय Family Link मध्ये आहे. गूगलनं हे अ‍ॅप २०१७ मध्ये आणलं. त्याची घडण समजली की पुढची निम्मी गोंधळाची प्रकरणं आपोआप सुटतात. मूल Install दाबतं तेव्हा प्ले स्टोअर गूगलच्या सर्व्हरला विचारतं, की हे मागणारं खातं कुणाचं? खातं पालकांच्या देखरेखीखालचं असेल, तर अ‍ॅप पाठवण्याऐवजी सर्व्हर पालकाच्या फोनवर विनंती पाठवतो. होकार आला की मगच अ‍ॅप मुलाच्या फोनवर येतं. म्हणजे मंजुरीची अट खात्याला चिकटलेली असते. फोन कुणी विकत घेतला, कुणाच्या हातात आहे, याच्याशी सर्व्हरला काही देणंघेणं नाही. आईच्या खात्यावर चालणारा फोन मुलाच्या हातात दिला, तर सर्व्हरच्या दृष्टीनं ती आईच असते.

आमच्या भाच्याच्या फोनवर खातं त्याच्या नावाचं होतं. मग त्याला देखरेख का लागली नव्हती? प्ले स्टोअरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टिचकी मारून खात्याची माहिती उघडली आणि जन्मतारीख बघितली. साल १९९५. फोन दुरुस्त करून देणाऱ्या दुकानातल्या पोरानं नवीन जीमेल काढून दिलं होतं. खरं वय घातलं की गूगल पालकांचं खातं मागतं, पालक दुकानात नव्हते, म्हणून त्यानं सरळ मोठं वय टाकून काम उरकलं. मेव्हण्यांना याची कल्पनाही नव्हती. गूगलच्या लेखी आमचा अकरा वर्षांचा भाचा तिशीतला गृहस्थ होता, आणि गृहस्थाला आईची परवानगी कोण मागणार?

अशा वेळी जुन्या खात्याची जन्मतारीख दुरुस्त करता येते. मग गूगल स्वतःच ते खातं पालकांच्या देखरेखीखाली आणायला सांगतं. पण त्या खात्यानं आधी घेतलेल्या अ‍ॅपची भलीमोठी यादी त्याच्याबरोबरच राहते. तिचा त्रास काय होतो ते पुढे येईलच. म्हणून आम्ही नवं खातं काढायचं ठरवलं.

आधी फोनमधले फोटो आणि शाळेची कागदपत्रं मेव्हण्यांच्या लॅपटॉपवर काढून घेतली आणि फोन पूर्ण कोरा केला, म्हणजे फॅक्टरी रिसेट. नुसतं जुनं खातं काढलं असतं तरी चाललं असतं, पण आधीचे गेम तसेच पडून राहिले असते. मग बहिणीच्या फोनवर Family Link टाकलं आणि त्यातून मुलासाठी खातं तयार केलं: खरं नाव, खरी जन्मतारीख, नवा पत्ता, नवा पासवर्ड. कोरा फोन चालू करताना तेच खातं दिलं. तेव्हा फोननं बहिणीच्या खात्याचा पासवर्ड मागितला. इथे पालकाची ओळख पटली की फोन देखरेखीखाली येतो आणि त्यावर नंतर दुसरं कुठलं खातं घालायचं तरी पालकाची परवानगी लागते. या शेवटच्या गोष्टीचं मोल मोठं आहे. मित्राचं जीमेल टाकून अ‍ॅप घ्यायची युक्ती मुलांना लवकर सुचते, आणि ती इथे थांबते.

मग बहिणीच्या फोनवर Family Link मध्ये मुलाचं नाव, Controls, Google Play असं आत जायचं. तिथे कशासाठी मंजुरी लागावी ते निवडायचं असतं. मेनूतले शब्द नव्या आवृत्तीत थोडे बदलतात, पण पर्यायांचा अर्थ तोच राहतो: सगळ्यासाठी, फक्त खरेदीसाठी, फक्त अ‍ॅपच्या आतल्या खरेदीसाठी, किंवा कशासाठीच नाही. आपल्याला हवं ते All content. यातला हा एकच पर्याय फुकटच्या अ‍ॅपलाही अडवतो. 'फक्त खरेदी'वर सेटिंग ठेवून समाधान मानणारे पालक मी बरेच पाहिले आहेत. पैसे वाचवायचा हेतू असतो, पण मुलाच्या फोनवर काय येतं हा प्रश्न तसाच राहतो.

सेटिंग झालं की ते तपासून बघायलाच हवं. मी भाच्याच्याच हातून तपासलं. तोच रंगाचा गेम शोधायला सांगितला, Install दाबायला सांगितलं. आता गेम येण्याऐवजी पालकांना विचारा असं सांगणारा पडदा आला. त्यावर दोन वाटा असतात. एक, विनंती पालकाच्या फोनवर पाठवायची. दुसरी, पालक शेजारीच असतील तर त्यांनी मुलाच्याच फोनवर आपला पासवर्ड टाकायचा. बहिणीनं सवयीनं फोन हातात घेतला आणि पासवर्ड टाइप करायला लागली. भाचा तिच्या खांद्यावरून बघत होता. त्याच्या मनात काही नव्हतं, तो नुसता उत्सुक होता. पण बोटं कुठे पडतात ते अकरा वर्षांच्या मुलाला एकदा बघूनही लक्षात राहतं. मी तिचा हात धरला. हा पासवर्ड म्हणजे तिच्या मेलचा, फोटोंचा, सगळ्याचा पासवर्ड. ती दुसरी वाट कधी वापरायचीच नाही असं आम्ही ठरवलं. विनंती नेहमी तिच्या फोनवर यायची आणि होकार तिथूनच जायचा.

इथे आणखी एक कच्चा दुवा आहे, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त घरं तिथेच हरतात. आईच्या फोनचा पॅटर्न मुलाला माहीत असतो. आई स्वयंपाकात असते, मूल स्वतःच्या फोनवरून विनंती पाठवतं, आईचा फोन उघडून स्वतःच होकार देतं आणि आलेली सूचना सरकवून टाकतं. यावर उपाय साधा आहे: पालकाच्या फोनचा पिन बदलायचा आणि मुलाच्या बोटाचा ठसा त्यात नोंदवलेला असेल तर काढायचा. हा ठसा बऱ्याच घरांत सापडतो, कारण तो कधीतरी कौतुकानं नोंदवलेला असतो. बऱ्याच फोनमध्ये एकेका अ‍ॅपला वेगळं कुलूप लावता येतं, ते Family Link ला लावलं तर आणखी बरं. चोरवाट वापरली जाते आहे का हे कळायचं ठिकाण म्हणजे Family Link मधली मुलाच्या अ‍ॅपची यादी. आपण होकार दिल्याचं आठवत नाही असं नाव तिथे दिसलं, की समजायचं.

आता दुसरं दार. प्ले स्टोअरला कितीही कुलपं लावली, तरी अँड्रॉइडवर अ‍ॅप बाहेरून येऊ शकतं. अ‍ॅपची फाइल असते, तिच्या नावाच्या शेवटी `.apk` असतं. ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते, शेजारच्या फोनवरून Quick Share नं येते, वेबसाइटवरून उतरवता येते. तिच्यावर टिचकी मारली की फोन थेट इन्स्टॉल करायला घेतो. प्ले स्टोअर मध्ये येतच नाही, म्हणून पालकाला विनंतीही जात नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर या गेमवर भारतात बंदी आली आणि तो प्ले स्टोअरवरून गेला, तेव्हा मुलांमध्ये त्याच्या फाइली एकमेकांना देण्याचा प्रकार सर्रास चालला. ज्या मुलांना तोवर ही वाट ठाऊक नव्हती, त्यांनाही ती ठाऊक झाली. आणि या वाटेनं फक्त गेम येत नाहीत. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन अशा नावाची फाइल पाठवून फोनमधले ओटीपी वाचणारं अ‍ॅप बसवण्याचे फसवणुकीचे प्रकार याच दारातून होतात.

अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. म्हणजे 'व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेली फाइल इन्स्टॉल करू द्यायची का', 'क्रोममधून आलेली करू द्यायची का', असं फोन स्वतंत्रपणे विचारतो. Settings मध्ये Install unknown apps शोधलं की कोणाकोणाला ती दिली आहे त्याची यादी दिसते. देखरेखीखालच्या फोनवर मात्र हे एकाच ठिकाणाहून बंद करता येतं. Family Link मध्ये मुलाच्या फोनच्या नावावर जायचं, तिथे अनोळखी ठिकाणाहून येणाऱ्या अ‍ॅपचं बटण असतं, ते बंद ठेवायचं. डेव्हलपर पर्यायांचं बटण असेल तर तेही बंद, कारण कॉम्प्युटरला केबल जोडून अ‍ॅप घालायची वाट त्यातून उघडते. हे बंद केल्यावर मी माझ्या फोनवरून भाच्याला एक `.apk` फाइल पाठवली. फाइल पोचली, पण उघडायला गेल्यावर फोननं ठाम नकार दिला. फाइल पोचणं थांबवता येत नाही, तिचं अ‍ॅप होणं थांबतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

तिसरं दार बरेच जण विसरतात. फोन बनवणाऱ्या कंपन्या आपापलं दुकान फोनमध्ये आधीच घालून देतात. सॅमसंगमध्ये Galaxy Store, शाओमीत GetApps, आणि इतरांचीही आपापली. ही दुकानं फोनबरोबरच आलेली असल्यानं त्यांना अनोळखी ठिकाण मानलं जात नाही, आणि गूगलच्या मंजुरीशी त्यांचा संबंध नसतो. भाच्याच्या फोनवर असं एक दुकान होतं. Family Link च्या अ‍ॅपच्या यादीत जाऊन ते पूर्ण बंद केलं. काही फोनवर असं दुकान बंद करता येत नाही, तेव्हा निदान त्याच्या सूचना बंद करायच्या आणि अधूनमधून त्यात काय आलंय ते बघायचं. माझं मत असं, की मुलासाठी फोन घेताना हे आधी तपासावं. दुकान बंद होत नसलेला फोन मुलाच्या हाती देऊच नये.

एवढं सगळं केल्यावर कुलूप लागतं. मग येतात विनंत्या, आणि खरं काम तिथे सुरू होतं.

चार दिवसांनी बहिणीचा फोन आला. भाच्यानं एक चित्रं रंगवायचं अ‍ॅप मागितलं होतं, विनंती तिच्या फोनवर आली होती, काय करू विचारत होती. मी म्हटलं, होकार-नकार दोन्ही थांबव, आधी त्या अ‍ॅपचं पान उघड. विनंतीतूनच ते पान उघडता येतं. पहिल्यांदा नावाखाली बघ. तिथे लिहिलं होतं Contains ads आणि In-app purchases. म्हणजे अ‍ॅप फुकट, पण जाहिराती आहेत आणि आत विकत घ्यायच्या वस्तू आहेत. मग खाली 'या अ‍ॅपबद्दल'च्या भागात त्या वस्तूंच्या किमतीची पट्टी दिसली. कमाल आकडा चार आकडी होता. अकरा वर्षांच्या मुलाच्या रंगाच्या वहीसाठी हजारो रुपयांची वस्तू कशाला लागते? मी तिला एक तारा असलेली परीक्षणं वाचायला सांगितली. तिथे तीन-चार आयांनी लिहिलं होतं, की तीन दिवस फुकट म्हणून चालू केलं आणि मग आठवड्याला पैसे जायला लागले.

वयाचा आकडा तिनं सगळ्यात आधी बघितला होता: ३+. हा आकडा फसवतो असं मी म्हणणार नाही, पण तो एका मर्यादित प्रश्नाचं उत्तर देतो. हिंसा, भीती, अश्लीलता, जुगार असं काही आत आहे का, याबद्दल बनवणाऱ्यानं भरलेल्या प्रश्नावलीवरून तो ठरतो. अ‍ॅप मुलाला दिवसात किती वेळा परत बोलावतं, जाहिरात कशाची दाखवतं, हे त्या आकड्यात नसतं. त्याच्या शेजारी मात्र कधी Users Interact असे शब्द असतात. ते दिसले की आत अनोळखी लोकांशी बोलायची सोय आहे असं समजावं. मुलांच्या अ‍ॅपमध्ये मी सगळ्यात आधी तेच शोधतो. गेम कितीही गोंडस असला तरी तिथे कोण बोलतंय हे आपल्याला दिसत नसतं.

बहिणीनं त्या अ‍ॅपला नकार दिला. पण नकार देऊन गप्प बसली नाही. संध्याकाळी त्याला शेजारी बसवून ती किमतीची पट्टी दाखवली आणि म्हणाली, हे बघ, यासाठी नाही. दुसरं शोधू. दोघांनी मिळून जाहिराती नसलेलं एक चित्रांचं अ‍ॅप शोधलं. कारण न सांगता आलेला नकार मुलाला दुसऱ्या दाराकडे वळवतो, हे मी नात्यातल्या दुसऱ्या एका घरात बघितलेलं आहे. तिथे बाबांनी सलग आठ विनंत्या न वाचता नाकारल्या. नवव्यांदा मुलानं विनंती केलीच नाही. मित्राच्या फोनवर खेळायला लागला.

होकाराबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तो एकदाच मागितला जातो. एकदा मंजूर केलेलं अ‍ॅप मुलानं काढून टाकलं आणि महिन्याभरानं परत घेतलं, तर पुन्हा विनंती येत नाही. अ‍ॅपची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात नवीन काही घातलेलं असलं किंवा ती नवी परवानगी मागत असली, तरी विनंती येत नाही. कुटुंबाच्या सामाईक संग्रहातून घेतलेल्या अ‍ॅपसाठीही नाही. म्हणूनच आम्ही जुनं खातं दुरुस्त न करता नवं काढलं होतं. जुन्या खात्यावर आधी घेतलेले सगळे गेम पुन्हा न विचारता फोनवर येऊ शकले असते. एखाद्या अ‍ॅपला दिलेला होकार मागे घ्यायचा असेल, तर ते नुसतं फोनवरून काढून भागत नाही. Family Link च्या यादीत त्या अ‍ॅपवर जाऊन ते बंद करावं लागतं. मग ते फोनवर असलं तरी उघडत नाही.

आणि जे अ‍ॅपच नाही, त्याला ही मंजुरी लागूच होत नाही. ब्राउझरमध्ये उघडणारे गेम, होम स्क्रीनवर चिकटवलेली वेबसाइट, आधीच मंजूर असलेल्या अ‍ॅपच्या पोटातले छोटे खेळ, हे सगळं इन्स्टॉल न होताच चालतं. भाच्याच्या फोनवर महिन्याभरानं मला गेमसारखं दिसणारं एक चिन्ह दिसलं. त्यावर बोट दाबून ठेवलं, तर क्रोमनं ठेवलेला शॉर्टकट निघाला. अशा गोष्टी अडवायची वाट वेगळी: Family Link मध्येच क्रोमसाठी वेगळं सेटिंग असतं, तिथे फक्त आपण परवानगी दिलेल्या साइट उघडतील असं करता येतं. बहिणीनं ते केलेलं नाही, कारण भाच्याला शाळेच्या अभ्यासासाठी शोधाशोध करावी लागते. मलाही तिचं पटलं.

आता रविवारी दुपारी बहीण Family Link ची यादी उघडते आणि भाचा शेजारी बसतो. कुठलं अ‍ॅप आठवडाभर उघडलंच नाही ते दोघं बघतात आणि काढून टाकतात. मागच्या आठवड्यात त्यानं एक विनंती पाठवली, आई बँकेत होती, उत्तर यायला चार तास लागले. तोवर त्यानं त्या अ‍ॅपचं पान स्वतःच वाचलं आणि ती घरी आल्यावर दारातच सांगितलं, "आई, ते नको, त्यात Users Interact आहे."